मिसळ खा, पण उसळ वाढवून घ्या: बाहेर खाताना ताट कसं जुळवायचं

जुलै 2025 मध्ये समोसा आणि जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार, अशी बातमी सगळीकडे फिरली. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात होतं. दोन-चार दिवसांत केंद्र सरकारनं खुलासा केला की गाड्यांवर विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर असा कुठलाही इशारा छापायचा नाही. सरकारी कार्यालयं आणि संस्थांमध्ये, कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर असते हे दाखवणारे फलक लावावेत, एवढीच मूळ सूचना होती. पण तोपर्यंत घरोघरी वाद होऊन गेले होते. माझ्याकडे आहाराचा सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न तेव्हा एकच होता: आता बाहेरचं सगळं बंद करायचं का?

सांगलीत राहून हे शक्य नाही आणि माझ्या मते गरजेचंही नाही. सकाळी मिसळ, संध्याकाळी भेळ, रात्री उशीर झाला तर भुर्जीची गाडी, रविवारी ढाबा, असं इथलं खाणं आहे. यातला प्रत्येक पदार्थ तपासून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. बाहेरच्या ताटात काय जास्त आहे याची चर्चा खूप होते, पण त्यात काय कमी पडतं याकडे कुणी बघत नाही. कमी पडणारी गोष्ट बहुतेक वेळा त्याच गाडीवर, त्याच मेनूकार्डावर असते. ती मागायची राहून जाते.

कमी काय पडतं?

आपल्या अन्नात पोट भरणारे मुख्य घटक तीन. पहिला कर्बोदकं, म्हणजे पीठ, भात, पाव, बटाटा आणि साखर. यांची शेवटी रक्तातली साखर होते. दुसरा प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-दही, मांस-मासे. स्नायू टिकवणं आणि शरीराची झीज भरून काढणं हे त्यांचं काम, शिवाय पोट जास्त वेळ भरलेलं राहतं तेही यांच्यामुळेच. तिसरा स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल-तूप. याच्या जोडीला भाज्या आणि कडधान्यांच्या सालींमधला न पचणारा भाग असतो, त्याला तंतू म्हणतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून 2025 मध्ये आहाराबद्दलचे निष्कर्ष आले. भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, असं त्यात दिसलं. हे प्रमाण फार जास्त आहे. प्रथिनांची गरज साधारण अशी धरतात: वजन 60 किलो असेल तर दिवसाला सुमारे 50 ग्रॅम. तीन वेळच्या खाण्यात वाटली तर दर वेळी 15 ते 20 ग्रॅम. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुढचा सगळा हिशोब जमतो.

पाव, बटाटा आणि चुरमुरे वेगळे नाहीत

पावभाजीत भाजी आहे म्हणून ती बरी, असं अनेकांना वाटतं. पण त्या भाजीचा मोठा भाग बटाटा असतो आणि सोबत पाव येतो. वडापावातही बटाटा आणि पाव. भेळेत चुरमुरे, शेव, वर पुन्हा उकडलेला बटाटा, आणि चिंच-गुळाची चटणी. चवीला हे सगळे निराळे असले तरी शरीराच्या दृष्टीनं ही कर्बोदकंच आहेत, आणि तीही लवकर पचणारी.

लवकर पचण्यानं काय बिघडतं ते सांगलीकरांना समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात कोयनेतून ठराविक पाणी आठवडाभर थोडं थोडं सोडलं तर कृष्णा पात्रातच राहते. तेवढंच पाणी एकदम सोडलं तर आयर्विन पुलाजवळ 40 फुटांची इशारा पातळी ओलांडायला वेळ लागत नाही. पाणी तेवढंच असतं, फरक सोडण्याच्या वेगाचा असतो. नुसता पाव किंवा चुरमुरे खाल्ले की साखर रक्तात एकदम उतरते. त्याच पावाबरोबर उसळ, दही, कांदा, काकडी असेल तर पचन सावकाश होतं आणि साखर हळूहळू येते. एकदम चढलेली साखर खाली आणायला शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. हे रोज होत राहिलं, त्यात पोटाचा घेर वाढलेला असला, तर काही वर्षांनी तेवढं इन्सुलिन पुरेनासं होतं.

म्हणून ऑर्डर देताना पहिला प्रश्न हा: यात डाळ, कडधान्य, अंडं, दही, पनीर, मांस यांपैकी काय आहे, आणि ते किती आहे? दुसरा प्रश्न: कर्बोदकांचे दोन-तीन पदार्थ एकाच वेळी येतायत का? येत असतील तर त्यातला एक कमी करायचा. बाकी सगळं या दोन प्रश्नांवरच चालतं.

मिसळीचा हिशोब

मिसळीची एक प्लेट घेऊ. प्रत्येक ठिकाणची प्लेट वेगळी असते, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

एक वाटी मटकीची उसळ, म्हणजे कोरडी मटकी 35 ते 40 ग्रॅम. त्यातून आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर मूठभर फरसाण, साधारण 40 ग्रॅम. बेसनामुळे त्यात चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात, पण तेलही 14 ग्रॅमच्या आसपास. मग कट, आणि त्यावर तरंगणारी लाल तरी. दोन पळ्या कट घेतला की तरीतून दोन मोठे चमचे तेल सहज पोटात जातं, म्हणजे आणखी 25 ग्रॅम. शेवटी दोन पाव, किंवा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळतात तशा ब्रेडच्या स्लाइस. त्यांतून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि 40 ग्रॅम कर्बोदकं.

एकूण प्रथिनं 19 ग्रॅम, म्हणजे एका वेळची गरज पूर्ण. मिसळ ही आपल्याकडच्या गाड्यांवरची फार चांगली गोष्ट आहे असं मी नेहमी सांगते, ते याच आधारावर. तिची खरी अडचण तेलाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 उष्मांकांच्या आहारासाठी दिवसभराचं तेल सुमारे 27 ग्रॅम धरलं आहे. या एका प्लेटमध्ये ते 40 च्या घरात गेलं. नाश्त्यालाच.

आता हीच प्लेट बदलून मागू. फरसाण वेगळ्या वाटीत द्यायला सांगायचं आणि त्यातलं निम्मंच घालायचं. उसळ जादा मागायची. बहुतेक ठिकाणी थोडे पैसे जास्त घेऊन ती देतात, आणि ते पैसे वसूल होतात. कट घेताना "वरची तरी नको, खालचा रस्सा द्या" एवढं म्हणायचं. पळी खोलवर घातली की तरी आपोआप बाजूला होते. पाव एकच. कांदा भरपूर, लिंबू, आणि मिळत असेल तर दह्याची वाटी.

आता उसळीतून 17, फरसाणातून दोन-अडीच, एका पावातून तीन आणि दह्यातून तीन ग्रॅम, अशी 25 ग्रॅम प्रथिनं झाली. तेल निम्म्याहून खाली आलं. पोटात पडलेलं अन्न मात्र तेवढंच राहिलं, किंबहुना उसळ वाढल्यामुळे दुपारपर्यंत भूक लागत नाही. चवीतही फार फरक पडत नाही, कारण तिखटपणा आणि मसाल्याचा स्वाद रस्साभर असतो, फक्त तरीत नसतो.

खाण्याचा क्रमही थोडा बदलून बघा. आधी चार-पाच चमचे उसळ आणि कांदा, मग पाव. प्रथिनं आणि भाज्या आधी आणि कर्बोदकं नंतर खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं मधुमेह असलेल्यांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. यासाठी पैसे जास्त लागत नाहीत आणि कुणाला काही सांगावंही लागत नाही.

भेळ आणि वडापाव

साध्या भेळेत प्रथिनं सहा-सात ग्रॅमच्या वर जात नाहीत. भडंगाचंही तसंच. शेंगदाणे असतात म्हणून थोडं बरं, पण चुरमुऱ्यांना तेल चोळलेलं असतं. उपाय भेळेच्या गाडीवरच आहे: मटकी भेळ. मोड आलेली, उकडलेली मटकी चुरमुऱ्यांइतकीच घालायला सांगा, कांदा-टोमॅटो-कैरी जास्त, शेव वरून थोडी, गोड चटणी कमी. मटकी नसेल तर मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घाला. 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

वडापाव मात्र आतून बदलता येत नाही. एकात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणून भूक भागत नाही आणि दुसरा घेतला जातो. तो दुसरा घ्यायचा नाही. त्याऐवजी शेजारच्या गाडीवरची दोन उकडलेली अंडी, किंवा शाकाहारी असाल तर ताक आणि फुटाणे. कट वडा मिळत असेल तर मी तो वडापावापेक्षा आधी निवडेन: एक वडा, त्यावर उसळीसकट रस्सा, पाव अर्धा.

याहून जास्त बिघडवणारी गोष्ट वेगळीच आहे. सहा-सात वाजता भेळ किंवा वडापाव होतो आणि नऊ वाजता घरी पुन्हा पूर्ण जेवण होतं. बाहेर खाल्लेलं "जेवण नव्हे" असं आपण धरतो. संध्याकाळी पोटभर खाल्लं असेल तर रात्री एक वाटी आमटी किंवा उसळ, कोशिंबीर आणि ताक एवढं पुरे. पोळी-भात त्या दिवशी संध्याकाळीच खाऊन झालेला असतो.

"मग पावाऐवजी भाकरी घेतली तर?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. भाकरीत तंतू जास्त, मैद्यापेक्षा ती नक्कीच चांगली. पण खानावळीतली एक मोठी ज्वारीची भाकरी 60 ते 80 ग्रॅम पिठाची असते. तशा दोन खाल्ल्या तर कर्बोदकं दोन पावांच्या दुपटीहून जास्त होतात. वर उल्लेख केलेल्या पाहणीतही हेच आढळलं: मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्यं घेतली, पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के उष्मांक कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्यं किंवा दुधाच्या पदार्थांतल्या प्रथिनांनी भरून काढले, तर धोका कमी होण्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणून झुणका-भाकर मागवताना दुसऱ्या भाकरीऐवजी झुणक्याची दुसरी वाटी मागवा, तेल कमी घातलेलं असेल तर उत्तमच.

हॉटेलचं मेनूकार्ड

चौघांचं कुटुंब रविवारी हॉटेलात गेलं की ऑर्डर साधारण अशी असते: सुरुवातीला मंचुरियन, मग पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, आठ बटर रोटी, शेवटी जीरा राइस आणि दाल.

यात पनीर आहे, मग प्रथिनं झाली, असं वाटतं. एका प्लेटमध्ये पनीर 100 ते 120 ग्रॅम धरू. चौघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार तुकडे येतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. बाकीची प्लेट लोणी, साय आणि काजूच्या ग्रेव्हीची. मंचुरियन म्हणजे मैदा आणि कॉर्नफ्लोअर लावून तळलेली भाजी. आणि एक तंदूर रोटी घरच्या दोन पोळ्यांएवढी असते, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही. दोन रोट्या आणि वर भात म्हणजे घरच्या हिशोबानं पाच-सहा पोळ्या.

याच हॉटेलात मी चौघांसाठी असं मागवेन. आधी ग्रीन सलाड आणि भाजलेला मसाला पापड, तळलेला नको. मग दोन प्लेट अख्खा मसूर. सांगली-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांचा हा पदार्थ आहे आणि आपल्याला त्याची किंमत कळायला हवी: माणशी मोठी वाटीभर आली तर आठ-दहा ग्रॅम प्रथिनं, सालीसकट तंतू, आणि चव अशी की पनीर मागवावंसं वाटू नये. वरून लोण्याचा गोळा घालू नका, असं आधीच सांगायचं. पनीर हवंच असेल तर ग्रेव्हीऐवजी पनीर टिक्का. त्यात पनीर दिसतं आणि मोजता येतं. रोट्या बिनलोण्याच्या, माणशी एक किंवा दीड. बऱ्याच ठिकाणी तंदूर रोटीत मैदा मिसळलेला असतो, म्हणून "रोटी कणकेची आहे का?" एवढं विचारायला हरकत नाही. भात एक प्लेट चौघांत. सोबत मसाला ताक.

मटणाच्या ताटात प्रथिनं फोडींत असतात, रश्श्यात नव्हे. तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढतात आणि रस्सा पिऊन "आज मटण खाल्लं" असं समाधान होतं, पण त्यातून येतं ते तेल, खोबरं-काजूचं वाटण आणि मीठ. दोन वाट्यांवर थांबा, सुक्क्यातल्या फोडी खा, कांदा-लिंबू पुन्हा मागा, आणि भाकरी किंवा भात यातलं एकच घ्या.

पेयाबद्दल एकच सांगते. ऊस आपल्याच शिवारातला आहे, रसवंती कोपऱ्या-कोपऱ्यावर आहे, पण एका ग्लास उसाच्या रसात 30 ग्रॅमहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची अशी साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. जेवणासोबत तो नको. उन्हातून आल्यावर एखाद्या दिवशी लहान ग्लास घेतला तर तेच त्या दिवसाचं गोड समजा.

"गाडीवाला असं बदलून देतो का?"

देतो. गर्दीच्या वेळी नाही देणार, पण एरवी देतो. जे तयार होताना बदलता येतं तेच मागा. भेळ समोर कालवली जाते, मिसळ समोर वाढली जाते, भुर्जी आणि डोसा समोर तव्यावर होतात. यात कमी-जास्त करता येतं. "भुर्जीला तेल एक चमचा, कांदा-टोमॅटो डबल" असं तवा तापण्याआधी सांगितलं तर होतं, अंडी फोडल्यावर सांगून उपयोग नाही. लोणी डोशालाही तेच: लोणी एकदाच लावा, सांबार दोन वाट्या. वडे, भजी, समोसे आधीच तळलेले असतात, तिथे आपल्या हातात फक्त संख्या असते.

तळणीचं तेल कसं ओळखायचं?

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक तयार होतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यासाठी 25 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे, पण ती यंत्रानंच मोजावी लागते. आपण कढईकडे बघायचं. तेल काळपट आणि दाट दिसतंय का, वडा सोडल्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस वर येऊन बसतोय का, कढईत काही नसतानाही धूर निघतोय का, वास खवट येतोय का. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर त्या दिवशी तिथलं तळलेलं नको. ताज्या तेलात वड्याभोवती मोठे बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर डिश मागा, छपाईची शाई गरम तेलात उतरते.

मधुमेह असेल तर

वर सांगितलेलं मधुमेह असलेल्यांनाही लागू आहे, पण एक काळजी घ्यावी लागते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाव-भात अचानक निम्मा करू नका. औषध पूर्वीच्या ताटाच्या हिशोबानं दिलेलं असतं आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, धडधड ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनंही स्वतःच्या मनानं वाढवायची नाहीत.

घरी ग्लुकोमीटर असेल तर तुमची नेहमीची गाडी तुम्ही स्वतः तपासू शकता. एका दिवशी नेहमीसारखी मिसळ खा, दुसऱ्या दिवशी जादा उसळ आणि एका पावाची. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. मात्र तरी आणि फरसाण भरपूर असेल तर आणखी एकदा, चार तासांनी मोजा. तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे दोन तासांचा आकडा बरा दिसतो आणि साखर त्यानंतर चढत राहते. "मिसळीनं मला काही होत नाही" असं सांगणाऱ्या अनेकांनी फक्त दोन तासांचाच आकडा पाहिलेला असतो. दोन्ही दिवसांचे आकडे वहीत लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे घेऊन जा. औषध आणि ताट दोन्ही त्यावरून ठरवता येतं.